अंगावरचे पुरळ हाताने ओळखावे लागते तेव्हा

मुलाला ताप आला आणि अंगावर पुरळ उठले की आपल्याकडे घरातली मोठी माणसे एकच नाव घेतात, गोवर. मग दारे-खिडक्या लावल्या जातात, आंघोळ बंद होते आणि औषधही थांबते, कारण गोवर ‘बाहेर येऊ द्यावा’, औषध दिले तर तो ‘आत बसतो’ अशी समजूत आहे. पुरळ उठणारा आणखी एक आजार आपल्या मुलांना होतो, पण त्याला आपल्या घरांत रुळलेले नावच नाही. डॉक्टर त्याला स्कार्लेट फीवर म्हणतात. नाव नसल्यामुळे तो गोवराच्या नावाखाली खपून जातो, आणि नेमके इथेच नुकसान होते. गोवराच्या विषाणूवर जंतुनाशक औषध चालत नाही. स्कार्लेट फीवरवर मात्र जुने, स्वस्त आणि हमखास औषध आहे, आणि ते न घेतल्याची किंमत पुढे काही मुलांच्या हृदयाला मोजावी लागते.

हा घोळ फक्त आपल्या घरातला नाही. वैद्यकाच्या इतिहासातही तो बराच काळ होता. रय आणि बगदाद येथील रुग्णालये सांभाळणारे अबू बक्र अल-राझी यांनी हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्कार्लेट फीवरचे ‘स्कार्लाटिना’ या नावाने वेगळे वर्णन व्हायला मात्र सतराव्या शतकातले इंग्लंडचे वैद्य थॉमस सिडनहॅम यावे लागले. तो कशामुळे होतो हे तर 1920च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर पती-पत्नीने दाखवून दिले. कारण निघाले घशात बसणारा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू.

म्हणजे पुरळ अंगावर दिसत असले तरी आजार त्वचेचा नाही, घशाचा आहे. हा जंतू घशात वाढतो आणि त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. ते रक्तातून अंगभर फिरते आणि त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या फुलवते. पुरळ ही त्या विषाची खूण. म्हणून पुरळावर मलम, लेप किंवा कडुलिंबाचा पाला लावून काही साधत नाही. जंतू घशातच बसलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. सहा वर्षांची मुलगी, वजन 18 किलो. सोमवारी शाळेतून आली ती मरगळलेली. संध्याकाळी ताप 102 अंशांवर गेला, दोनदा उलटी झाली आणि ती पोट धरून बसली. पोट बिघडले असेल म्हणून घरच्यांनी ओवा-पाणी दिले. लहान मुलांमध्ये हा आजार अनेकदा असाच पोटापासून सुरू झाल्यासारखा वाटतो. घसा दुखतो हे मूल सांगतेच असे नाही. ते फक्त घास गिळायला नको म्हणते. मंगळवारी तिला पाणीही गिळवेना. दुपारी अम्मीने अंग पुसताना पाहिले तर मान आणि छाती घामोळ्यांनी भरल्यासारखी. बुधवारी सकाळी ते पोटावर, पाठीवर आणि दंडांवर पसरले. दादी म्हणाल्या, “गोवर आहे. आठ दिवस कोणी हात लावू नका.”

तिला दवाखान्यात आणले तेव्हा दादीही सोबत होत्या. पहिला प्रश्न पुरळाचा नव्हता. “सर्दी आहे का? खोकला? डोळ्यांतून पाणी येते का?” अम्मी म्हणाली, “नाही मॅडम, नाक अगदी कोरडे आहे. फक्त घसा.” गोवराचा संशय इथेच बराचसा कमी होतो. गोवरात पुरळ उठण्याआधी तीन-चार दिवस मूल शिंकत-खोकत असते, डोळे लाल आणि पाणावलेले असतात. मग पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होते, चेहऱ्यावरून खाली उतरते आणि त्याचे मोठे लालसर चट्टे एकमेकांत मिसळतात. या मुलीचे पुरळ मानेवरून आणि छातीवरून सुरू झाले होते, बारीक टाचणीच्या डोक्याएवढे होते आणि त्याच्याआधी सर्दीचा मागमूस नव्हता.

डॉक्टरांनी दादींचा हात मुलीच्या पाठीवर ठेवायला सांगितले. “डोळे मिटून हात फिरवा दादी, कसे लागते?” दादी म्हणाल्या, “सुतार लाकूड घासतो त्या पॉलिश पेपरासारखे.” हीच या पुरळाची खरी ओळख आहे. पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या मुलांची असतात. त्यांच्यात कातडी उकडलेल्या कोळंबीसारखी लाल दिसते. आपल्या सावळ्या मुलांमध्ये लाली फारशी दिसत नाही, काळोख्या खोलीत तर मुळीच नाही. पण खरखरीतपणा हाताला लागतो. काखेत, कोपराच्या आतल्या घडीत आणि जांघेत पाहिले तर घडीच्या रेषेत पुरळ दाटून गडद रेघ उमटलेली असते. गाल तांबडे, पण तोंडाभोवतीची जागा फिकट. बोटाने किंवा पारदर्शक काचेच्या पेल्याने दाबले तर पुरळ क्षणभर मावळते आणि पुन्हा येते. पेल्याखाली जे ठिपके मावळत नाहीत आणि मूल सुस्त आहे, ती वेगळी आणि तातडीची गोष्ट. त्यात घरी थांबू नये.

मग जीभ. पहिल्या एक-दोन दिवसांत जिभेवर पांढरा थर असतो आणि त्या थरातून लाल दाणे डोके वर काढतात. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास थर निघून जातो आणि खाली गडद लाल, दाणेदार जीभ उरते. त्यामुळेच डॉक्टर तिला ‘स्ट्रॉबेरी जीभ’ म्हणतात. या मुलीची जीभ बुधवारी अजून पांढऱ्या थराचीच होती, टोकाला आणि कडांना दाणे दिसत होते. ‘लाल जीभ नाही म्हणजे स्कार्लेट फीवर नाही’ असे म्हणून थांबले तर दोन दिवस फुकट जातात. आणि उलटही खरे: केवळ लाल जिभेवर विसंबू नये. पान, जर्दा किंवा रंगीत गोळ्यांनी जीभ लाल होते हे सगळ्यांना माहीत आहे.

तोंड उघडायला लावून टॉर्च मारला तेव्हा टॉन्सिल सुजलेले, लालभडक आणि त्यांवर पांढरट डाग होते. टाळूवर बारीक लाल ठिपके. जबड्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला दोन गाठी हाताला लागत होत्या आणि दाबल्यावर दुखत होत्या. ताप, सुजलेला घसा, दुखऱ्या गाठी, खोकला नाही, आणि वर हे पुरळ. एवढ्यावर संशय पक्का होतो. खात्रीसाठी घशाचा नमुना घेता येतो. कापसाच्या बोळ्याने टॉन्सिल घासून नमुना प्रयोगशाळेत वाढवायचा, त्याला एक-दोन दिवस लागतात. काही ठिकाणी काही मिनिटांत उत्तर देणारी चाचणीही असते. लहान गावात ही सोय नसेल तर डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात, आणि चित्र इतके स्पष्ट असताना ते बरोबरच आहे. खोकला, नाक वाहणे आणि बसलेला आवाज असलेल्या प्रत्येक घशाला मात्र जंतुनाशक देऊ नये. तो बहुधा विषाणूचा घसा असतो.

आता औषध. या जंतूवर पेनिसिलीनच्या कुळातले औषध हेच पहिले. ते जुने आहे म्हणून दुबळे झाले आहे असे नाही. इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलीनला दाद देईनासा झालेला नाही. लहान मुलांना बहुधा चवीला बरे लागणारे अमॉक्सिसिलीनचे सिरप देतात. हिशेब दिवसाला किलोमागे 50 मिलिग्रॅम, पण एकूण 1000 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आपल्या 18 किलोच्या मुलीला दिवसाला 900 मिलिग्रॅम झाले. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर दिवसाला 18 मिली, म्हणजे सकाळी 9 आणि रात्री 9. हा हिशेब इथे दिला तो औषध परस्पर आणण्यासाठी नाही. तो दिला कारण त्यातून एक गोष्ट दिसते.

औषध दहा दिवस घ्यायचे असते. दहा दिवसांचे 18 मिलीप्रमाणे 180 मिली होते. बाजारात मिळणारी 60 मिलीची बाटली साडेतीन दिवसही पुरत नाही. आणि गंमत अशी की साधारण त्याच वेळेला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ताप उतरलेला असतो, घसा मोकळा झालेला असतो आणि मूल खिचडी मागू लागलेले असते. बाटली संपली, मूल बरे झाले, सगळे जुळून आले असे घरात वाटते. कोणाचाही निष्काळजीपणा नसतो, पण एक तृतीयांश औषधावर उपचार थांबतो. म्हणून दुकानातून पहिल्याच दिवशी तीनही बाटल्या आणाव्यात. पण पावडरमध्ये पाणी घालून तिन्ही एकदम तयार करू नयेत. पाणी घातलेले औषध साधारण आठवडाभरच चांगले राहते; नेमकी मुदत बाटलीवर लिहिलेली असते. एक संपत आली की दुसरी करावी. पाणी उकळून गार केलेले घ्यावे, बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालावे, प्रत्येक वेळी हलवून द्यावे आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचे माप वापरावे. बाटलीवर 125 लिहिले आहे की 250 हे एकदा पाहावे. दुकानदाराने 125ची दिली आणि मापे तीच ठेवली तर मुलाला अर्धेच औषध मिळते.

ज्या घरात दहा दिवस औषध देणे जमणार नाही असे वाटते, त्यांनी ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. बेंझाथिन पेनिसिलीनचे एकच इंजेक्शन सगळे दहा दिवस भागवते. ते खूप दुखते, आणि ज्या दवाखान्यात ॲलर्जीची प्रतिक्रिया आली तर सांभाळण्याची तयारी आहे तिथेच घ्यावे. मुलाला पूर्वी पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास कोंडला असेल तर तेही आधी सांगायचे. मग डॉक्टर दुसऱ्या जातीचे औषध निवडतात. अशा मुलांसाठी ॲझिथ्रोमायसिन आहे. पण ज्यांना ॲलर्जी नाही त्यांनी केवळ ‘तीन दिवसांत काम होते’ म्हणून दुकानातून ते मागून घेऊ नये. या जंतूच्या काही जाती त्याला दाद देत नाहीत, आणि घशासाठी त्याचाही कोर्स तीन नव्हे, पाच दिवसांचा असतो.

दादींनी विचारले, “ताप गेला, पुरळ गेले, तर मग औषध कशाला?” हा प्रश्न अगदी योग्य आहे. खरे तर औषध दिले नाही तरी बहुतेक मुलांचा ताप पाच-सहा दिवसांत उतरतो आणि पुरळ आठवड्याभरात मावळते. औषधाने मूल लवकर बरे होते आणि दुसऱ्यांना लागण कमी होते, पण त्याचे मोठे काम पुढे आहे. घशात जंतू राहिला की शरीर त्याच्याविरुद्ध लढणारे घटक तयार करत राहते. काही मुलांमध्ये हे घटक जंतू आणि स्वतःचे शरीर यांत गल्लत करतात. जंतूच्या अंगावरची काही प्रथिने हृदयाच्या झडपांतील आणि सांध्यांतील प्रथिनांसारखी दिसतात. दोन-तीन आठवड्यांनी, घसा विसरला गेल्यावर, मुलाचा एक गुडघा सुजतो, तो बरा होईतो दुसरा घोटा धरतो, ताप पुन्हा येतो, चालताना दम लागतो. काही मुलांचे हातपाय आपोआप झटके देऊ लागतात. वहीतले अक्षर बिघडते, हातातून पेला पडतो, आणि घरातले त्याला धसमुसळेपणा म्हणून रागावतात. हा ऱ्हुमॅटिक ताप. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपेला पडलेला व्रण मात्र अनेकदा राहतो. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास हटला आहे, आपल्या देशात नाही. पुढे त्या मुलाला घसा पुन्हा बिघडू नये म्हणून तेच दुखरे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते.

यात दिलासा देणारी एक बाब आहे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. चार दिवस गोवर समजून घरी बसलेल्या मुलाला पाचव्या दिवशी आणले तरी उशीर झालेला नसतो.

घरी करण्यासारखे फार नाही, पण जे आहे ते महत्त्वाचे. ताप आणि घशाच्या वेदनेसाठी पॅरासिटामॉल. या 18 किलोच्या मुलीला एका वेळी सुमारे 250 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. कोमट पेज, पातळ खिचडी, यखनी, गार दूध, जे गिळता येईल ते द्यावे. तिखट आणि आंबट काही दिवस नको. खाणे कमी झाले तर चालते, पिणे कमी झालेले चालत नाही. आंघोळ बंद करण्याचे कारण नाही. कोमट पाण्याने अंघोळ घातल्याने पुरळ ‘आत’ जात नाही, खाज मात्र कमी होते.

आजार खोकण्या-शिंकण्यातून आणि उष्ट्या पेल्यातून पसरतो, म्हणून पाच ते पंधरा वर्षांची, शाळेत आणि मकतबमध्ये खांद्याला खांदा लावून बसणारी मुले याला जास्त सापडतात. तीन वर्षांखालच्या मुलांत तो क्वचित दिसतो. औषध सुरू करून एक पूर्ण दिवस झाला आणि ताप उतरला की मूल शाळेत जाऊ शकते. औषध न घेतलेले मूल मात्र दोन-तीन आठवडे इतरांना जंतू देत राहू शकते. घरातल्या भावंडांना सरसकट औषध द्यायचे नाही. लागण झाल्यापासून बहुधा दोन ते पाच दिवसांत लक्षणे येतात, तेव्हा आठवडाभर लक्ष ठेवायचे आणि कोणाचा घसा धरला तर त्याला दाखवायचे. याला लस नाही, आणि एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असेही नाही, कारण विषाच्या जाती एकाहून अधिक आहेत. गोवराची लस मात्र आहे; नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या सुमाराची मात्रा चुकवू नये. ती पूर्ण झालेली असेल तर ‘गोवर’ म्हणण्याआधी दुसरा विचार करायला घरालाही एक कारण मिळते.

लाल दाणेदार जीभ दाखवणारा आणखी एक आजार आहे, त्याची आठवण इथे द्यायलाच हवी. मूल पाच वर्षांच्या आतले असेल, ताप पाच दिवस उलटूनही हटत नसेल, दोन्ही डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले, हातापायांचे पंजे सुजलेले असतील, तर तो कावासाकीचा आजार असू शकतो. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धरतो, त्याचे औषध वेगळे आहे आणि ते ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत मिळावे लागते. अमॉक्सिसिलीन दोन-तीन दिवस नीट देऊनही ताप तसाच असेल तर म्हणूनच पुन्हा दाखवायचे, बाटली बदलत बसायचे नाही. आणि मूल लाळही गिळू शकत नसेल, तोंड उघडत नसेल, आवाज घशात अडकल्यासारखा येत असेल, श्वासाला त्रास होत असेल, मान ताठ झाली असेल किंवा सात-आठ तास लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

त्या मुलीचा ताप शुक्रवारी उतरला. त्याच दिवशी तिची जीभ खऱ्या अर्थाने लाल आणि दाणेदार दिसू लागली आणि दादी पुन्हा घाबरल्या. पण तो आजार वाढण्याचा नव्हे, थर निघून जाण्याचा क्रम आहे. पुढच्या आठवड्यात पुरळ विरले आणि बोटांच्या टोकांची, नखांच्या कडेची, पायांच्या पंजाची साल निघू लागली. हे सोलणे काही आठवडे चालते. त्याला औषध लागत नाही. खोबरेल तेल लावावे, साल ओढून काढू नये. ज्या घरात पुरळ लक्षातच आले नाही, तिथे कधी कधी ही सोललेली बोटेच पहिली खूण ठरते, आणि घसा धरून नऊ दिवस झाले नसतील तर तेव्हाही औषधासाठी दाखवायला हवे.

साधारण घसा दुखल्यानंतर दहाव्या दिवसाच्या आसपास एक गोष्ट मात्र पाहायची असते, आणि ती औषध पूर्ण घेतलेल्या मुलांतही पाहायची, कारण हा त्रास औषधाने हमखास टळतो असे नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते का, आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी तांबूस-तपकिरी होते का, कमी होते का. तसे असेल तर मूत्रपिंडांना सूज आलेली असू शकते. लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब मोजणे एवढ्याने ते कळते, आणि वेळेवर कळले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. त्या मुलीच्या अम्मीने दोन आठवडे रोज सकाळी लघवीचा रंग पाहिला. तो पिवळाच राहिला.